सदा ओल्या न्हाणीघरात कोणती टाइल लावावी?

आज टाइलबद्दल बोलायचं आहे, पण दिवाणखान्यातल्या चकचकीत टाइलबद्दल नाही. आपल्या न्हाणीघराबद्दल बोलू या. आपल्याकडचं न्हाणीघर दिवसभरात कोरडं कधी होतं, सांगा बरं? पहाटे आंघोळी, मग धुणं, दुपारी भांडी, शेतातून आल्यावर हातपाय धुणं, रात्री पुन्हा पोरांचे पाय. सात-आठ माणसांच्या घरात ती जमीन चोवीस तास ओलीच असते. शहरातल्या जाहिरातीत दिसतं ते बाथरूम तासाभरात वाळतं. म्हणून जाहिरातीत चांगली दिसणारी टाइल आपल्या घरी चांगली ठरेलच असं नाही.

मेहकर तालुक्यातल्या एका कुटुंबाचं उदाहरण घेऊन सगळं सांगते, म्हणजे हिशोबही समजेल. घरात सात माणसं, त्यात सासूबाई सत्तरीच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नवीन न्हाणीघर बांधलं आणि खाली पांढरी, आरशासारखी चमकणारी टाइल लावली. पहिल्याच पावसाळ्यात सासूबाई पाटावरून उठताना घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पुढचे चार महिने अंथरुणात गेले. सुनेची सोंगणी बुडाली ती वेगळीच. यंदा त्यांनी गटातून कर्ज काढून ती जमीन उखडली आणि पुन्हा केली. न्हाणीघर चार फूट बाय सहा फुटांचं आहे. त्यांनी काय घेतलं, किती घेतलं आणि का, ते आता पाहू.

आधी पाय का घसरतो ते समजून घेऊ. कोरड्या चकचकीत टाइलवर आपण सहसा घसरत नाही. पाणी पडलं की पाय आणि टाइल यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर त्या पाण्याला निघून जायला जागाच नसते, आणि आपला पाय टाइलवर न टेकता पाण्यावर टेकतो. त्यात साबण मिसळला की काम तमाम. आपल्या बोअरचं पाणी जड, क्षारांचं. साबण आणि क्षार एकत्र आले की पांढरट, चिकट साय तयार होते. ती टाइलवर रोज थोडी थोडी बसते आणि बोट फिरवलं तर मेणासारखी लागते. शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या मैत्रिणींना हे मी सांगायला नको. तर आपल्या टाइलला दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: पाण्याला बाजूला सरायला बारीक जागा द्यायची, आणि साय बसली तर ती ब्रशने निघू द्यायची. या दोन्ही एकाच वेळी जमणं जरा अवघड असतं, आणि निवड करताना खरा पेच इथेच पडतो.

दुकानात ‘अँटी-स्किड’ म्हटलं की तीन-चार वेगवेगळे प्रकार समोर येतात. पहिला प्रकार नुसता मॅट, म्हणजे चमक नसलेला. चमक नाही म्हणजे घसरत नाही, असा बऱ्याच जणींचा समज असतो. तो खरा नाही. काही मॅट टाइल हाताला रेशमासारख्या मऊ लागतात आणि ओल्या झाल्या की चकचकीत टाइलइतक्याच निसरड्या होतात. दुसरा प्रकार बारीक खरखरीत, त्यावरून हात फिरवला तर झिजलेल्या पॉलिश पेपरसारखा लागतो. तिसरा प्रकार उंच-सखल नक्षीचा, दगडाचे किंवा लाकडाचे उठाव असलेला. आणि चौथी ती पार्किंगची जाड टाइल, ठळक चौकटींची आणि ठिपक्यांची. पुष्कळ घरांत ती ‘हीच पक्की’ म्हणून न्हाणीघरात बसवलेली दिसते.

माझं मत सांगते. पार्किंगची टाइल गाडीच्या चाकासाठी आहे, उघड्या पायासाठी नाही. तिच्या खोल चौकटींत पाणी साचतं, साय आणि केस अडकतात, आणि धुणं धुवायला खाली बसलं की ते ठिपके पायाला बोचतात. ज्या बाईच्या टाचांना भेगा आहेत तिला विचारा. शिवाय महिनाभरात खाचांमध्ये हिरवं शेवाळ धरतं, आणि मग जी टाइल घसरू नये म्हणून आणली तीच घसरायला लागते. खोल नक्षीच्या टाइलचंही थोडंफार तसंच. आपल्या कामाची आहे ती दुसऱ्या प्रकारची, बारीक खरखरीत. त्या बारीक कणांमुळे पाण्याला सरकायला जागा मिळते आणि ब्रशही तळापर्यंत पोचतो.

काही कंपन्या बॉक्सवर किंवा कॅटलॉगमध्ये इंग्रजी ‘आर’ अक्षर आणि पुढे ९ ते १३ मधला एक आकडा छापतात. हा आकडा जर्मनीत ठरलेल्या एका चाचणीवरून आला आहे. टाइल एका फळीवर बसवतात, तिच्यावर तेल टाकतात, आणि जाड तळाचे बूट घातलेल्या माणसाला तिच्यावर चालायला लावून फळी हळूहळू तिरपी करत जातात. ज्या कोनाला माणूस घसरायला लागतो त्यावरून हा आकडा ठरतो. आर-९ म्हणजे सहा ते दहा अंशांपर्यंत टिकलेली, आर-१० म्हणजे दहा ते एकोणीस अंश, आणि आर-११ म्हणजे एकोणीस ते सत्तावीस अंश. आपण काही बूट घालून आंघोळ करत नाही. म्हणून उघड्या पायांची आणि साबणाच्या पाण्याची वेगळी चाचणी आहे. तिचे ए, बी, सी असे तीन वर्ग आहेत, आणि त्यातला बी आपल्या न्हाणीघराला योग्य. बऱ्याच बॉक्सवर हा ए-बी-सी वर्ग छापलेलाच नसतो. तेव्हा आर-१० किंवा आर-११ मागा. आर-९ घेऊ नका. ते बैठकीच्या खोलीसाठी ठीक.

पण आकडा दिसला नाही, किंवा दुकानदार भाऊ म्हणाले, ‘ताई, सगळं अँटी-स्किडच आहे,’ तर? मग घरून लहान बाटलीत साबणाचं पाणी घेऊन जा. मी खरंच सांगते आहे. टाइलचा नमुना जमिनीवर ठेवायला सांगा, त्यावर ते पाणी ओता, चप्पल काढा, कशाला तरी धरून उभ्या राहा आणि टाच टेकवून पुढे सरकवून बघा. शेजारी चकचकीत टाइल ठेवून तिच्यावरही करून बघा. फरक टाचेलाच समजतो. कोणी हसलं तर हसू द्या. मग त्याच नमुन्यावर थोडा चिखल किंवा कुंकू चोळा आणि ब्रशने निघतं का बघा. डाग कणांत अडकून राहिला तर ती टाइल ठेवून द्या.

याच वेळी आणखी एक चाचणी करून घ्या. टाइल उलटी करा आणि मागच्या बाजूवर चमचाभर पाणी टाका. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल ते पाणी बघता बघता पिऊन टाकते. विट्रिफाइड टाइलवर पाणी तसंच उभं राहतं, कारण ती आपल्या वजनाच्या शंभरातला अर्धा भागही पाणी पीत नाही. भिंतीची टाइल मात्र शंभरातले दहा भाग किंवा त्याहून जास्त पिते. याचा अर्थ भिंतीची टाइल वाईट असा नाही. तिचा वरचा काचेचा थर पाणी आत जाऊ देत नाही, आणि भिंतीवर कोणी चालत नाही. पण उरलेली किंवा स्वस्तात मिळालेली भिंतीची टाइल जमिनीला लावू नका. ती मऊ असते, बादलीच्या कडेने तिचे टवके उडतात आणि तिचा वरचा थर मुद्दाम गुळगुळीत केलेला असतो. बॉक्सवर ‘वॉल’ की ‘फ्लोअर’ हे छापलेलं असतं, ते वाचून घ्या. आपल्या दुकानांतली बहुतेक टाइल गुजरातमधल्या मोरबीहून येते आणि एकाच नक्षीची भिंतीची आणि जमिनीची अशी जोडी मिळते, त्यामुळे गल्लत सहज होते.

आता आकाराकडे वळू. हल्ली दोन फूट बाय दोन फुटांची टाइल सगळ्यांना हवी असते. मोठी दिसते, सांधे कमी येतात, काम लवकर होतं. खोलीसाठी ठीक आहे. न्हाणीघरात मात्र जमिनीला उतार द्यावा लागतो, तोही एका बाजूने नव्हे तर चारही बाजूंनी जाळीकडे. मोठी टाइल म्हणजे एक सपाट पाट. तो पाट दोन दिशांना वाकत नाही. मग मिस्त्री एकतर ती टाइल तिरकी कापून तुकडे करतो, किंवा उतारच देत नाही. दुसरं जास्त वेळा होतं. मग पाणी कोपऱ्यात थांबतं, तिथे साय बसते, आणि माणूस नेमका तिथेच घसरतो. एक फूट बाय एक फुटाच्या टाइलमध्ये दर फुटाला सांधा असतो, आणि प्रत्येक सांध्यात थोडं थोडं वळण घेऊन उतार नीट बसवता येतो. शिवाय हे सांधेही पायाला थोडी पकड देतात. म्हणून चार बाय सहाच्या न्हाणीघरात जमिनीला एक फुटाचीच टाइल घ्या, असं माझं म्हणणं आहे.

उतार किती? सहा फुटांच्या लांबीला साधारण एक ते सव्वा इंच. त्याहून कमी दिला तर पाणी रेंगाळतं, आणि फार जास्त दिला तर पाटावर बसल्यावर माणूस कलतो, बादली सरकते. टाइल चिकटवायच्या आधी खालचा कोबा वाळला की त्यावर बादलीभर पाणी ओतून बघा. पाणी आपोआप जाळीकडे गेलं पाहिजे, आणि पाच-दहा मिनिटांनी कुठेही डबकं दिसता कामा नये. डबकं दिसलं तर तिथेच थांबा. टाइलने उतार दुरुस्त होईल असं मिस्त्री भाऊ म्हणतील, पण खाली नसलेला उतार वरून येत नाही. आणि न्हाणीघराची जमीन घरातल्या फरशीपेक्षा इंच-दीड इंच खाली असू द्या, नाहीतर दाराशी उंबरा करा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी, ती म्हणजे काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. न्हाणीघराखालच्या भरावात काळी माती असली, तर टाइल कितीही महाग असो, वर्षभरात सांधे फुटतात आणि टाइल पोकळ वाजायला लागते. पाणी त्या सांध्यातून आत जातं, माती आणखी फुगते, आणि हे चक्र चालू राहतं. म्हणून भराव करताना काळी माती काढून टाका, मुरूम थरा-थराने पाणी मारून धुम्मस करून बसवा, आणि मग गिट्टीचा कोबा करा. मी सांगितलेल्या घरात जुनी टाइल उखडल्यावर खाली चार बोटं पोकळी निघाली. भराव खाली बसला होता आणि टाइल अधांतरी होती.

कोबा आणि टाइल यांच्यामध्ये वॉटरप्रूफिंगचा लेप हवा. पावडर आणि पातळ द्रव एकत्र करून ब्रशने लावायचे लेप मिळतात. जमिनीवर आणि भिंतीच्या खालच्या फूटभर भागावर दोन हात द्यायचे, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. लेप वाळला की जाळी बंद करून इंचभर पाणी भरून एक दिवस ठेवायचं. पातळी उतरली किंवा पलीकडची भिंत ओली झाली तर गळती आहे असं समजायचं. एवढं का करायचं? कारण टाइल पाणी अडवते, पण सांधा पूर्ण अडवत नाही. सांध्यातून झिरपलेलं पाणी हा लेप अडवतो. ग्राऊट भरलं म्हणजे वॉटरप्रूफ झालं, हे कोणी सांगितलं तर ऐकू नका.

मिस्त्रीच्या कामाकडे लक्ष द्यायचं ते इथे. टाइलच्या मागे चार कोपऱ्यांत आणि मध्ये सिमेंटचे गोळे ठेवून टाइल दाबायची, ही सवय फार आहे. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते. तिथे पाणी साचतं, वास येतो, आणि जड पातेलं पडलं तर टाइल नेमकी तिथेच फुटते. टाइलच्या पूर्ण पाठीला मसाला लागला पाहिजे. विट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही म्हणून साधं सिमेंट तिला नीट धरत नाही. तिच्यासाठी टाइलचा गोंद, म्हणजे ॲडहेसिव्ह घ्यायचं आणि दातांच्या थापीने पसरायचं. भिंतीची सिरॅमिक टाइल सिमेंटवर लावणार असाल तर ती आधी पाण्यात भिजत घालायची, बुडबुडे थांबेपर्यंत. नाहीतर ती मसाल्यातलंच पाणी पिऊन टाकते आणि मसाला कच्चा राहतो. दुसऱ्या दिवशी नाण्याने किंवा चमच्याच्या दांड्याने प्रत्येक टाइल वाजवून बघा. भरीव टाइलचा आवाज बद्द येतो, पोकळ टाइल ढब्ब वाजते. पोकळ टाइल ग्राऊट भरायच्या आधी काढायला लावा, नंतर ते होत नाही.

भिंतीसाठी त्या कुटुंबाने एक फूट बाय दीड फुटाची, फिकट रंगाची, चकचकीत टाइल घेतली. भिंतीवर चकचकीत टाइल चालते. उलट ती पुसायला बरी, साबणाचे शिंतोडे कापडाने निघतात. रंग मात्र विचार करून निवडा. काळी किंवा गडद निळी टाइल दुकानात झकास दिसते, पण आपल्या जड पाण्याचे पांढरे ओघळ तिच्यावर महिन्यात उमटतात. फिकट राखाडी, मातकट, बदामी रंगांवर ते दिसत नाहीत. जमिनीलाही तेच लागू. अगदी पांढरी नको, कारण पांढऱ्यावर पाणी सांडलेलं म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही. आणि भिंतीचा रंग जमिनीपेक्षा वेगळा ठेवा, म्हणजे जमीन कुठे संपते ते कमी दिसणाऱ्या माणसालाही कळतं.

आता हिशोब. मिस्त्रीने भिंतीला सात फूट टाइल सांगितली होती. सात फूट म्हणजे ८४ इंच. दीड फुटाची टाइल उभी लावली तर चार ओळींत ७२ इंच, म्हणजे बरोबर सहा फूट होतात. पाचवी ओळ कापावी लागते आणि तुकडे वाया जातात. घरात शॉवर नाही, बादली-तांब्याची आंघोळ, तीही पाटावर बसून. सहा फुटांच्या वर पाणी उडतच नाही. म्हणून त्यांनी चार पूर्ण ओळी लावल्या आणि वर साधा रंग दिला. चारही भिंती मिळून वीस फूट लांबी, गुणिले सहा, म्हणजे १२० चौरस फूट. दार अडीच फूट रुंद, सहा फूट उंचीपर्यंतचे १५ चौरस फूट वजा. राहिले १०५. एक टाइल दीड चौरस फुटाची, म्हणजे ७० टाइल. तुटफुटीला दहा टक्के धरून ७७. त्यांच्या बॉक्समध्ये सहा टाइल होत्या, म्हणून तेरा बॉक्स. सात फुटांपर्यंत नेलं असतं तर दोन-तीन बॉक्स आणखी लागले असते, मजुरी वेगळी. ते पैसे त्यांनी जमिनीच्या ग्राऊटवर घातले, आणि मला तो निर्णय फार पटला. जमिनीचं तर सोपं आहे. चार सक चोवीस, २४ टाइल, कापण्यात जाणाऱ्या धरून २७. जाळीभोवती बरेच तुकडे होतात, म्हणून त्यांनी ३० घेतल्या आणि उरलेल्या दोन-तीन पोत्यात गुंडाळून ठेवल्या. पुढे एखादी फुटली तर त्याच रंगाची बाजारात मिळत नाही. घेताना सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर एकच आहे ना, ते बघा. आणि दोन टाइल तोंडाला तोंड लावून धरा. मध्ये उजेड दिसला तर टाइल वाकडी आहे, तिची कड वर राहील आणि अंगठ्याला लागेल.

आता ग्राऊट, म्हणजे टाइलमधले सांधे भरायचा माल. आपल्याकडे मिस्त्री टाइलला टाइल भिडवून लावतात आणि वरून पांढरं सिमेंट पाण्यात कालवून फासतात. दिसायला छान दिसतं. पण भिडलेल्या सांध्यात आत काहीच जात नाही. वर राहिलेली पातळ साय दोन महिन्यांत धुऊन निघते, आणि मग त्या फटीत काळं बसतं. म्हणून सांधा मुद्दाम ठेवायचा. जमिनीला तीन मिलिमीटर, भिंतीला दोन. प्लॅस्टिकचे छोटे अधिकच्या खुणेसारखे स्पेसर मिळतात, ते मध्ये ठेवून टाइल लावायला सांगा. मिस्त्री कुरकुर करतील, पण ठेवतील.

सांध्यात भरायला दोन प्रकारचा माल मिळतो. सिमेंटचं ग्राऊट पावडरमध्ये येतं, स्वस्त असतं, पाण्यात कालवायचं आणि भरायचं. भिंतीला ते पुरेसं आहे. त्या घरात भिंतीला दीड किलोच्या आसपास लागलं, दोन किलो आणलं होतं. जमिनीला मात्र इपॉक्सी ग्राऊट घ्यावं. ते सिमेंटच्या कितीतरी पट महाग असतं, म्हणून मिस्त्री किंवा दुकानदार आपणहून सांगत नाहीत. पण एक फुटाच्या टाइलला तीन मिलिमीटरच्या सांध्याने चोवीस चौरस फुटांना अर्ध्या किलोहून थोडंसंच जास्त लागतं. एक किलोचा एक डबा आणला की झालं. सिमेंटचं ग्राऊट पाणी पितं, साबण पितं आणि काळं पडतं. इपॉक्सी पाणी पीत नाही. सतत ओल्या जमिनीत हा फरक सहा महिन्यांत डोळ्यांना दिसतो. रंग राखाडी घ्या. पांढरं इपॉक्सी सुद्धा कालांतराने पिवळट दिसायला लागतं.

इपॉक्सीत मात्र काम नीट झालं पाहिजे. त्यात तीन भाग असतात: राळ, ती घट्ट करणारं हार्डनर आणि भुकटी. तिन्ही कंपनीने दिलेल्या मापातच मिसळायचे. अंदाजाने घेतले तर ते कधीच घट्ट होत नाही, चिकट राहतं. मिसळलं की साधारण अर्ध्या-पाऊण तासात ते दगडासारखं होतं, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याहूनही लवकर. म्हणून सकाळी लवकर, थोडं थोडं कालवून काम करायचं. सांधे आधी कोरडे आणि रिकामे हवेत, आत मसाला वर आलेला नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टाइलवर सांडलेलं इपॉक्सी ओल्या स्पंजने लगेच, पंधरा-वीस मिनिटांत पुसायचं, आणि पाणी वारंवार बदलायचं. खरखरीत टाइलवर त्याचा पातळ थर वाळला तर तो बारीक कणांच्या मधल्या जागा भरून टाकतो. मग तुम्ही आर-११ आणली असली तरी वर प्लॅस्टिकचा गुळगुळीत थर बसतो आणि टाइल पुन्हा घसरते. तो थर नंतर घासून निघत नाही. म्हणून या दिवशी घरातली एक बाई मिस्त्रीजवळ बसलेली बरी.

जमीन आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा ग्राऊटने भरू नका. तिथे दोन वेगवेगळ्या गोष्टी हलतात, भिंत आणि जमीन, आणि काळ्या मातीत तर जास्तच. कडक माल तिथे तडकतो. नळीतून येणारं सिलिकॉन त्या कोपऱ्यात आणि नळाच्या पाइपभोवती भरा, ते रबरासारखं ताणलं जातं. जमिनीची टाइल भिंतीच्या टाइलखाली सरकलेली असावी, म्हणजे भिंतीवरून आलेलं पाणी सांध्यात न शिरता जमिनीवर पडतं. त्यासाठी मिस्त्री भिंतीची सगळ्यात खालची ओळ शेवटी लावतात. ते मुद्दाम सांगून ठेवा.

हे सगळं झालं की लगेच आंघोळी सुरू करता येत नाहीत. टाइल लावल्यावर एक दिवस पाय ठेवायचा नाही, मग ग्राऊट, मग पुन्हा एक दिवस. इपॉक्सी पुरतं पिकायला आठवडा लागतो, तोवर साबणाचं पाणी नको. म्हणजे सगळं मिळून दहा-बारा दिवस घराची आंघोळीची सोय दुसरीकडे हवी. शेजारी बोलून ठेवा किंवा अंगणात ताडपत्रीचा आडोसा करा, पण घाई करून चौथ्या दिवशी धुणं घेऊन बसू नका.

नंतरच्या साफसफाईबद्दल एवढंच सांगते. पिवळट डाग निघावेत म्हणून आपल्याकडे बाटलीतलं ॲसिड ओततात आणि ते फसफसतं. फसफसतं ते नुसते क्षार नव्हेत, सिमेंटचं ग्राऊटही असतं. ते ॲसिड सांधे खातं. दर महिन्याला ओतलं तर वर्षात सांधे रिकामे होतात. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर तर कधीच एकत्र टाकू नका, त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो. आठवड्यातून दोनदा कपडे धुण्याच्या पावडरने ताठ ब्रश मारायचा, भरपूर पाण्याने धुवायचं, आणि रात्री शेवटच्या माणसाने वायपरने पाणी ओढून काढायचं. खरखरीत टाइलवरची साय निघाली नाही तर ती टाइलही घसरते, हे लक्षात ठेवा.

ज्यांच्या घरी आधीच चकचकीत टाइल आहे आणि आता उखडायला पैसे नाहीत, त्यांनी काय करायचं? पूर्ण उपाय उखडणं हाच आहे, पण तोवर काही करता येतं. चिकटवायच्या खरखरीत पट्ट्या मिळतात. टाइल पूर्ण कोरडी आणि साय काढलेली असेल तरच त्या धरतात, म्हणून दुपारी सगळे शेतात गेल्यावर लावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी टाकू नका. त्या पाटासमोर, दाराशी आणि जाळीजवळ लावा. कडा सुटायला लागल्या की काढून नव्या लावा, सुटलेल्या कडेत पाय अडकतो. खाली चोखण्या असलेली रबरी चटई घेतली तर रोज उचलून उभी करा, नाहीतर तिच्या खाली शेवाळ धरतं. जमिनीला जुनी शहाबादी फरशी असेल आणि ती अजून खडबडीत असेल, तर फक्त सांधे खरवडून नवे भरा. टाइल लावायची गरजच नाही. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर पाटाच्या बाजूच्या भिंतीत, बसल्यावर हात सहज पोचेल इतक्या उंचीवर, एक मजबूत लोखंडी दांडा बसवून घ्या. तो टाइलमध्ये नव्हे तर विटेत पक्का गेला पाहिजे. त्या घरातल्या सासूबाई आता त्याच दांड्याला धरून पाटावरून उठतात.